विक्री झाली, नफा झाला, करही भरला... मग पैसे कुठे आहेत?

२०२५ या वर्षात महाराष्ट्रातले सरकारी कंत्राटदार वारंवार रस्त्यावर उतरले. रस्ते, पूल, शाळांच्या इमारती, जलजीवन मिशनच्या पाणीयोजना अशी कामं केली, पण बिलं निघाली नाहीत, ही त्यांची तक्रार. थकलेली रक्कम ८९ हजार कोटींच्या आसपास आहे, असा दावा त्यांच्या संघटनांनी केला.

या बातम्यांखालच्या कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास दिसायचा. ‘पैसे मिळाले नाहीत म्हणता, मग तुमच्या कंपनीच्या हिशेबात नफा कसा दिसतो?’ काही ठिकाणी उलटा प्रश्नही होता. ‘इतकी देणी थकली असतील, तर ती राज्याच्या तुटीत का दिसत नाहीत?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. कंत्राटदार हिशेब एका पद्धतीने लिहितो, सरकार दुसऱ्या पद्धतीने. त्यामुळे गावात तीच पाइपलाइन जमिनीखाली गेलेली असते, पण एका वहीत तिचं उत्पन्न नोंदलेलं असतं आणि दुसऱ्या वहीत तिचा खर्च अजून झालेलाच नसतो. गंमत म्हणजे दोन्ही वह्या नियमानुसार बरोबर असतात.

या भांडणात एक तिसरा माणूसही आहे, ज्याचं नाव बातमीत सहसा येत नाही. कंत्राटदाराला पाइप पुरवणारा छोटा कारखानदार. विक्री आणि पैसे यांतलं अंतर सगळ्यात जास्त त्यालाच सोसावं लागतं. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू.

एक बिल, दोन हिशेब

समजा, जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप बनवणारी एक भागीदारी फर्म आहे. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी आहे. १० मार्च २०२५ ला या फर्मने एका कंत्राटदाराला १० लाख रुपयांचे पाइप दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार. एकूण बिल ११ लाख ८० हजारांचं. ट्रक भरून माल गेला, साइटवर उतरला, पावतीवर सही-शिक्का झाला. पैसे? ‘आमचं वरून बिल निघालं की लगेच देतो.’

हे पाइप बनवायला लागलेली पीव्हीसी रेझिन ७ लाखांची होती, त्यावर १ लाख २६ हजारांचा जीएसटी. रेझिनचा व्यापारी छोट्या कारखान्याला सहसा उधारी देत नाही, त्यामुळे ८ लाख २६ हजार रोख मोजून झाले. मजुरी, वीज, भाडं वगैरे धरून आणखी दीड लाख गेले.

आता मार्च संपला. या व्यवहारात फर्मने कमावलं की गमावलं?

रोख पद्धतीने, म्हणजे कॅश बेसिसवर हिशेब लिहिला, तर उत्तर सरळ आहे. बँकेतून ९ लाख ७६ हजार गेले, आला एकही रुपया नाही. मार्च महिना तोट्याचा. पुढे जेव्हा कधी पैसे येतील, तो महिना घसघशीत नफ्याचा.

उपार्जित पद्धतीत प्रश्न वेगळा विचारला जातो. सीए मंडळी तिला ‘मर्कंटाइल’ किंवा ‘अ‍ॅक्रुअल’ म्हणतात. इथे पैसे कधी आले हे बघत नाहीत, तर पैशांवर हक्क कधी तयार झाला हे बघतात. माल दिला, तो समोरच्याने स्वीकारला, म्हणजे १० लाखांवर फर्मचा हक्क झाला. म्हणून विक्री मार्चमध्येच लिहायची. त्या विक्रीसाठी लागलेला साडेआठ लाखांचा खर्चही तिच्यासमोर मार्चमध्येच मांडायचा. नफा दीड लाख. मिळायचे ११ लाख ८० हजार ‘येणे’ म्हणून ताळेबंदात, मालमत्तेच्या बाजूला बसतात. इंग्रजी ताळेबंदात हेच ‘डेटर्स’ किंवा ‘ट्रेड रिसिव्हेबल्स’. जीएसटीची रक्कम विक्रीत धरत नाहीत, कारण ती फर्मची कमाईच नाही, सरकारसाठी गोळा केलेले पैसे आहेत. (गोळा ‘केलेले’ हा शब्द इथे जरा उदारपणे वापरला आहे. अजून काहीच गोळा झालेलं नाही.)

हा सगळा खटाटोप कशाला, असं वाटू शकतं. पैसे आले की लिहावं, गेले की खोडावं, घरखर्चाच्या वहीसारखं. पण रोख पद्धतीतलं मार्चचं चित्र पुन्हा बघा. कारखाना चालला, माल बनला, चांगल्या भावाला विकला गेला, तरीही वही सांगते की धंदा तोट्यात आहे. पुढे ज्या महिन्यात पैसे येतील, त्या महिन्यात कदाचित कारखाना बंदही असेल, पण वही सांगेल की जबरदस्त कमाई झाली. धंदा कसा चाललाय हे त्या वहीतून कळत नाही. त्यासाठीच विक्री आणि तिचा खर्च एका जागी आणणारी पद्धत आली. कंपनी कायद्याने प्रत्येक कंपनीला ती सक्तीची आहे. डॉक्टर, वकील, भागीदारी फर्म, एकट्याचा धंदा यांना आयकरासाठी दोन्हींपैकी कोणतीही एक पद्धत निवडता येते, मात्र ती सातत्याने पाळावी लागते. बँकेचं कर्ज असलेला कारखाना बहुतेक वेळा उपार्जित पद्धतीतच असतो, कारण बँकेला नफा आणि येणी दोन्ही कागदावर बघायची असतात.

अडचण अशी की ही पद्धत धंद्याचा नफा दाखवते, बँकेतली शिल्लक दाखवत नाही. आणि रेझिनवाला, मजूर, महावितरण हे सगळे शिल्लक मागतात.

पैसे यायच्या आधी पैसे जातात

आमच्या जळगावच्या फर्मचा मार्च संपला तेव्हा नफा कागदावर दीड लाख होता. एप्रिल उजाडला आणि पहिली तारीख आली ती जीएसटीची.

मालाच्या विक्रीवर जीएसटी लागू होतो तो बिलाच्या तारखेला. पैसे मिळाले का, हा प्रश्न त्यात नाही. मासिक रिटर्न भरणाऱ्याला मार्चच्या बिलाचा कर २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. फर्मने बिलात लावलेला जीएसटी १ लाख ८० हजार. रेझिन घेताना भरलेले १ लाख २६ हजार त्यातून वजा होतात, कारण त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. उरले ५४ हजार. हे फर्मला स्वतःच्या खिशातून भरावे लागतात आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावे लागतात. बँकेतून गेलेली रक्कम आता १० लाख ३० हजार झाली.

मग आयकर. दीड लाखाचा नफा २०२४-२५ या वर्षातला आहे. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ४६ हजार ८०० रुपये. या नफ्यातला एक रुपयाही हातात आलेला नाही, पण त्यावरचा कर मात्र खऱ्या नोटांमध्येच भरायचा आहे.

हे पैसे येतात कुठून? बहुतेक कारखान्यांकडे बँकेचं ‘कॅश क्रेडिट’ खातं असतं, ज्याला बाजारात नुसतं ‘सीसी’ म्हणतात. गोदामातला माल आणि येणी तारण ठेवून मर्यादेपर्यंत पैसे उचलता येतात. व्याज १२ टक्के धरलं, तर अडकलेल्या १० लाख ३० हजारांवर महिन्याला साधारण १० हजार ३०० रुपये जातात. दीड लाखाच्या नफ्यातून दर महिन्याला एवढा तुकडा तुटतो. आठ महिन्यांत ८२ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त. पंधराव्या महिन्यात अख्खा नफा संपतो. विक्रीचा भाव बदलला नाही, खर्च बदलला नाही, फक्त पैसे उशिरा आले, एवढ्यानेच.

त्यातही खरा दणका तीन महिन्यांनी बसतो. सीसी खात्यातून किती उचलता येईल, हे बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरवते. येणी मोजताना साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी रक्कम बँक बाजूला काढते. मुदत बँकेनुसार थोडी बदलते, पण तत्त्व तेच. ११ लाख ८० हजारांच्या या बिलावर, २५ टक्के मार्जिन कापून, फर्मला ८ लाख ८५ हजार उचलता येत होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बिल ९० दिवसांचं झालं आणि ती सोय शून्यावर आली. पैसे अजून आलेले नाहीत, पण त्यांच्या भरवशावर उचललेले पैसे आता कमी करून द्यायचे आहेत. ताळेबंदात ते ११ लाख ८० हजार अजूनही मालमत्ता म्हणून दिमाखात उभे आहेत. बँकेच्या हिशेबात मात्र ते नाहीत.

धंद्यात नफा असूनही कारखाने बंद पडतात, ते या टप्प्यावर. अशा वेळी मालक नवीन ऑर्डर घ्यायला जातो आणि रेझिनसाठी पैसे नसतात. जितकी विक्री वाढवावी, तितके पैसे अडकतात.

आणि समजा कंत्राटदार बुडालाच, पैसे कधीच आले नाहीत, तर? आयकरात दिलासा आहे. बुडीत येणं वहीतून निर्लेखित केलं की ती रक्कम खर्च म्हणून धरता येते. जीएसटीत तसं नाही. माल परत आला किंवा बिल चुकीचं होतं, तर क्रेडिट नोट काढता येते. फक्त गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत या कारणासाठी भरलेला कर परत मिळण्याची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही.

४५ दिवसांचा नियम कुठे अडतो?

छोट्या उद्योगांचे पैसे अडकतात हे सरकारला माहीत नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यातच लिहिलंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कागदावर हा कायदा फारच कडक आहे. प्रत्यक्षात हे व्याज मागणारा पुरवठादार क्वचितच सापडतो, कारण मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या कारखान्याला जाते.

म्हणून २०२३ च्या अर्थसंकल्पात वेगळी युक्ती काढली गेली. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये (एच) हा उपखंड लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे, सेवा पुरवठादाराचे पैसे वरच्या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा करता येणार नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल, त्या वर्षी वजा करता येईल. थोडक्यात, खरेदीदाराचा बाकी सगळा हिशेब उपार्जित पद्धतीने, पण या एका खर्चापुरता रोख पद्धतीने. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना मात्र या तरतुदीचा आधार मिळत नाही.

आता हे आपल्या कंत्राटदाराला लावून बघू. फर्मशी ४५ दिवसांचा लेखी करार आहे असं धरलं, तर मुदत २४ एप्रिल २०२५ ला संपली. पैसे दिले नाहीत. त्यामुळे २०२४-२५ च्या आयकरात १० लाखांची ही खरेदी त्याला वजा मिळाली नाही. तोही भागीदारी फर्म असेल तर ३ लाख १२ हजारांचा कर त्या वर्षी जास्तीचा. पुढच्या वर्षी पैसे दिले की हा खर्च वजा होईल, म्हणजे नुकसान कायमचं नाही, पण आज खिशातून गेले ते गेले.

तो यावर म्हणेल, ‘मलाच वरून मिळाले नाहीत, मी कुठून देऊ?’ कायद्याला हे कारण चालत नाही. शिवाय १० मार्चपासून १८० दिवस, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं १ लाख ८० हजारांचं इनपुट क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येतं, व्याज मात्र गेलं.

आणि त्याचं स्वतःचं उत्पन्न? बांधकामाच्या कंत्राटांसाठी आयकरात आयसीडीएस-३ नावाचं मानक आहे. उपार्जित पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या कंत्राटदाराला त्यानुसार काम जितकं पुढे गेलं, तितकं उत्पन्न धरावं लागतं. पाइप जमिनीखाली गेले, इंजिनिअरने मोजमाप पुस्तकात नोंद केली, रनिंग बिल तयार झालं, तर ते मार्चचं उत्पन्न. म्हणजे कमेंटमधल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. कंत्राटदाराच्या हिशेबात नफा दिसतो कारण त्याने काम केलंय. पैसे मिळाल्याचा तो पुरावा नाही.

४३बी(एच) चा परिणाम झाला नाही असं म्हणता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये अनेक मोठ्या खरेदीदारांनी जुनी देणी घाईघाईने चुकती केली. पण काहींनी उलटी वाट धरली. उद्यम नोंदणी नसलेल्या किंवा मध्यम आकाराच्या पुरवठादारांकडे ऑर्डर वळवल्या. म्हणून काही छोट्या कारखानदारांनी आपली नोंदणीच रद्द करायचा विचार केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ज्याला वाचवायला नियम आला, तोच नियमातून बाहेर पडायला निघाला.

आणि साखळीच्या टोकाला जो खरेदीदार आहे, त्याला हा नियम शिवतच नाही. राज्य सरकार आयकर भरत नाही. त्यामुळे खर्च वजा न मिळण्याची भीती त्याला असायचं कारण नाही.

सरकारच्या वहीत काय लिहिलंय?

केंद्र आणि राज्य सरकारांचे हिशेब रोख पद्धतीने लिहिले जातात. १९९० च्या सरकारी लेखा नियमांत ते स्पष्ट म्हटलंय. वर्षभरात प्रत्यक्ष जमा झालेले आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे लिहायचे, येणं किंवा देणं झालेले नव्हेत.

यामागे कारण आहे. विधिमंडळ ठराविक वर्षासाठी, ठराविक कामासाठी, ठराविक रक्कम खर्च करायला परवानगी देतं. तिजोरीतून किती गेले हे मोजलं की परवानगीच्या मर्यादेत राहिलात की नाही, ते लगेच कळतं. तपासायलाही सोपं. सरकारला नफा काढायचा नसतो, त्यामुळे खर्च आणि उत्पन्न एकमेकांसमोर मांडायची कारखान्यासारखी गरज नव्हती.

पण याच नियमामुळे एक खिडकी उघडी राहते. मार्चमध्ये काम झालं, बिल सादर झालं, पण ३१ मार्चच्या आत पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षीच्या खर्चात ते येत नाही. खर्चात नाही, म्हणून वित्तीय तुटीतही नाही. राज्याची तूट सकल राज्य उत्पन्नाच्या ठराविक टक्क्यांत ठेवायची असते आणि त्यावरच पुढची कर्जमर्यादा अवलंबून असते. आकडा मर्यादेला टेकायला लागला की बिलं एप्रिलमध्ये ढकलणं हा सगळ्यात सोपा उपाय असतो. कर्ज काढलं तर ते दिसतं. बिल थकवलं तर तुटीच्या आकड्यात ते दिसत नाही, पण व्यवहार तोच आहे. फरक एवढाच की कर्ज बाजारातून घेतलं जातं आणि थकबाकी कंत्राटदाराकडून, जो ती पाइपवाल्याकडून घेतो.

‘मार्च एंड’ला मंत्रालयात आणि कोषागारांत रात्री उशिरापर्यंत दिवे का सुरू असतात, याचंही उत्तर यातच आहे. ३१ मार्चच्या आत निधी खर्च झाला नाही तर तो परत जातो, म्हणून ज्यांच्या खात्यात निधी आलाय ते बिलं काढायच्या घाईत. ज्यांच्या खात्यात निधीच आलेला नाही, त्यांचं बिल कितीही बिनचूक असलं तरी पुढच्या वर्षात.

८९ हजार कोटींचा दावा खरा की फुगवलेला, हे ठरवणंही म्हणूनच अवघड होतं. कॅगच्या वित्तीय लेख्यांमध्ये परिशिष्टांतून अपूर्ण कामांची आणि पुढच्या बांधिलकीची काही माहिती मिळते, पण मुख्य आकड्यांत ‘काम झालेलं आहे आणि पैसे द्यायचे आहेत’ असा रकाना नाही. खासगी कंपनीच्या ताळेबंदात तो पहिल्या पानावर असतो.

यावर विचार झालेला आहे. कॅगच्या पुढाकाराने २००२ मध्ये सरकारी लेखा मानकांसाठी सल्लागार मंडळ स्थापन झालं. त्यानंतर बाराव्या वित्त आयोगाने सरकारी हिशेब टप्प्याटप्प्याने उपार्जित पद्धतीकडे नेण्याची शिफारस केली. महापालिकांसाठी तर राष्ट्रीय पातळीवर तशी नियमावलीही तयार झाली. न्यूझीलंडने ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संपूर्ण सरकारला लावली. आपल्याकडे राज्यांच्या मुख्य हिशेबात अजून रोख पद्धतच आहे. अडचण फक्त इच्छेची नाही. रस्ते, धरणं, जमिनी यांची किंमत ठरवून ताळेबंद मांडणं प्रचंड मोठं काम आहे. पण न दिलेल्या बिलांची यादी दरवर्षी जाहीर करायला धरणाची किंमत काढावी लागत नाही, हेही खरं.

नफ्यामागे पैसे आहेत का, कसं ओळखायचं?

शेअर बाजारात पैसे लावणाऱ्यांना, किंवा कुणाला उधारीवर माल देणाऱ्यांना हा प्रश्न कायम पडतो. पूर्ण ताळेबंद वाचता आला नाही तरी दोन ठिकाणी बघता येतं.

पहिलं, विक्री आणि येणी एकत्र बघायची. समजा, एका फर्मची वर्षाची विक्री ३ कोटी आणि वर्षाअखेर येणी ७५ लाख. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ केलं की ९१ दिवस येतात. म्हणजे सरासरी तीन महिन्यांनी पैसे मिळतात. पुढच्या वर्षी विक्री ३ कोटी ६० लाख झाली. वीस टक्के वाढ, लिंक्डइनवर टाकण्यासारखी. पण येणी दीड कोटींवर गेली. आता १५२ दिवस. जीएसटी बाजूला ठेवून हिशेब केला, तर विक्री ६० लाखांनी वाढली आणि येणी ७५ लाखांनी. वर्षभरात गिऱ्हाइकांकडून प्रत्यक्ष आले २ कोटी ८५ लाख, आदल्या वर्षीच्या विक्रीपेक्षाही कमी. वाढ झाली ती फक्त उधारीत.

दुसरं, मोठी कंपनी असेल तर तिच्या अहवालात कॅश फ्लो स्टेटमेंट असतं. त्यातली ‘ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटीज’मधून आलेली रोकड निव्वळ नफ्याशेजारी ठेवायची. एखाद्या वर्षी रोकड कमी असणं साहजिक आहे, वाढणाऱ्या धंद्यात तसं होतंच. पण तीन-चार वर्षं नफा चढत राहिला आणि रोकड सपाट किंवा उणे राहिली, तर येणी किती जुनी आहेत ते बघायलाच हवं. २०२१ मधल्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना येण्यांचं वयही छापावं लागतं. सहा महिन्यांच्या आतलं किती, एक वर्षापर्यंतचं किती, तीन वर्षांहून जुनं किती. त्या शेवटच्या रकान्यात मोठी रक्कम असेल आणि ती अजून बुडीत धरलेली नसेल, तर एकेकाळी दाखवलेला नफा केव्हातरी उलटा फिरणार आहे.

रोकड मात्र नेहमी खरं बोलते असंही समजू नये. मार्च अखेरीस पुरवठादारांचे पैसे थांबवले की बँकेतली शिल्लक छान दिसते. कंत्राटदाराने पाइपवाल्याशी तेच केलंय आणि सरकारने कंत्राटदाराशी.

पैसे आले, तो दिवस

आपल्या उदाहरणात समजा नोव्हेंबर २०२५ मध्ये निधी आला. कंत्राटदाराचं बिल निघालं, त्यातून २ टक्के टीडीएस आणि अनामत कापली गेली आणि आठवड्याभरात त्याने जळगावला ११ लाख ८० हजार पाठवले. व्याजाचा विषय कुणीच काढला नाही.

त्या दिवशी पाइपच्या फर्मच्या वहीत उत्पन्न म्हणून काहीच लिहिलं गेलं नाही. ते मार्चमध्येच लिहून झालं होतं. फक्त ‘येणे’ कमी झालं आणि सीसी खात्यातली उचल तेवढी खाली आली. आठ महिन्यांचं ८२ हजारांचं व्याज मात्र वेगवेगळ्या महिन्यांच्या खर्चात विखुरलेलं राहिलं. या एका बिलाने प्रत्यक्षात किती मिळवून दिलं, ते कोणत्याही एका पानावर दिसत नाही.

कंत्राटदाराच्या वहीतही उत्पन्नाची नवी नोंद नाही. आधी न मिळालेली १० लाखांची वजावट त्याला २०२५-२६ मध्ये मिळेल.

सरकारच्या वहीत मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खर्च पडला, २०२५-२६ या वर्षाचा. गावातल्या नळाला पाणी उन्हाळ्यातच आलं होतं.